ग्रुप मेडिक्लेमचे रिन्यूअल: तीन कोटेशनांवरून शिफारशीचा मेल कसा लिहावा

विमा ब्रोकरच्या कचेरीत लागल्यावर पहिल्याच मार्चमध्ये मी एका ग्राहक कंपनीला तीन कोटेशने पाठवली होती. मेलमध्ये दोन ओळी होत्या आणि सोबत अठ्ठावीस रकान्यांची एक्सेल फाइल होती. दुसऱ्या दिवशी तिथल्या एचआर मॅडमचा फोन आला: "सगळं बघितलं हो, पण यातली घ्यायची कोणती?" मी म्हटले की तिसऱ्या कंपनीचा प्रीमियम सर्वांत कमी आहे. त्यांनी ती पॉलिसी घेतली, आणि जूनमध्ये त्यांच्या एका सुपरवायझरच्या वडिलांच्या बिलातून मोठी रक्कम कापली गेली, तेव्हा माझा तोच दोन ओळींचा मेल प्रिंट काढून माझ्यासमोर ठेवण्यात आला. त्यात रूम रेंटची मर्यादा बदलल्याचा उल्लेख नव्हता. फाइलच्या एकोणिसाव्या रकान्यात तो होता, पण तो रकाना कोणी वाचला नव्हता आणि कोणी वाचेल अशी अपेक्षा ठेवणे हीच माझी चूक होती.

शिफारशीचा मेल दोनदा वाचला जातो. एकदा मार्चमध्ये, जेव्हा फायनान्सचे प्रमुख त्यातल्या पहिल्या पाच ओळी वाचून निर्णय घेतात; आणि पुन्हा एकदा वर्षाच्या मध्यात, जेव्हा एखादा क्लेम अडकतो. दोन्ही वाचनांत टिकेल असा मेल कसा लिहायचा, ते पुढे क्रमाने दिले आहे. एजंट हा विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो, ब्रोकर मात्र ग्राहकाचा, त्यामुळे "तीन पर्याय दिले, आता तुम्ही ठरवा" एवढ्यावर आपले काम संपत नाही.

समजावण्यासाठी एक नमुना धरू. चाकणजवळची वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. तिचे ४०० कर्मचारी ग्रुप मेडिक्लेममध्ये आहेत. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार ईएसआय योजनेत असल्याने ते या पॉलिसीबाहेर आहेत. कर्मचारी, जोडीदार, दोन मुले आणि आईवडील असे मिळून १,४८० जण, प्रत्येक कुटुंबाला ३ लाखांची विमा रक्कम, पॉलिसी १ एप्रिल ते ३१ मार्च, आणि चालू वर्षाचा प्रीमियम जीएसटी वगळून ७२ लाख. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण अशा आकाराच्या कंपनीत साधारण असेच चित्र दिसते.

## आधी हे जमवा

- चालू पॉलिसीची प्रत, सर्व एन्डॉर्समेंटसह, म्हणजे नंतर झालेल्या लेखी बदलांसह. मागच्या वर्षीचे कोटेशन चालणार नाही, कारण पॉलिसी छापून येताना एखादी अट बदललेली असू शकते.
- टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून, क्लेम एमआयएस, म्हणजे क्लेमचा एकत्रित गोषवारा, आणि क्लेमनिहाय यादी, जिला आपण सगळे क्लेम डंप म्हणतो. त्यात रुग्णालयाचे नाव, बिलाची रक्कम, मंजूर रक्कम, कापलेली रक्कम, कापण्याचे कारण आणि रुग्णाचे नाते हे रकाने हवेतच.
- सध्याच्या सदस्यांची यादी: वय, नाते, रुजू झाल्याची तारीख.
- तिन्ही कंपन्यांची कोटेशने, त्यांच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत मेलवर. फोनवर सांगितलेला दर हा दर नव्हे.
- तिन्ही कंपन्यांना आपण पाठवलेल्या मागणीपत्राची प्रत. तिघांना एकाच तारखेचे क्लेम आणि एकच सदस्ययादी गेली होती, हे पुढे दाखवता आले पाहिजे.

१ एप्रिलच्या रिन्यूअलसाठी ३१ जानेवारीपर्यंतचे एमआयएस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हातात हवे, कोटेशने फेब्रुवारीअखेर आणि आपला मेल मार्चच्या पहिल्या दहा दिवसांत जायला हवा. त्याहून उशीर झाला की वाटाघाटीची ताकद आपल्याकडून विमा कंपनीकडे जाते.

## १. क्लेम रेशो स्वतः काढा

नव्याने काम करणारे बहुतेक जण इथेच घसरतात. ३१ जानेवारीपर्यंत आपल्या नमुना कंपनीचे ५८ लाखांचे क्लेम दिले गेले आहेत आणि ६ लाखांचे प्रलंबित आहेत, म्हणजे एकूण ६४ लाख. एमआयएसच्या पहिल्या पानावर ६४ भागिले ७२ करून ८९ टक्के असा आकडा छापलेला असतो. ग्राहक तो पाहतो आणि म्हणतो की क्लेम प्रीमियमपेक्षा कमी आहेत, मग दर कशाला वाढायला हवा?

पण क्लेम १० महिन्यांचे आणि प्रीमियम १२ महिन्यांचा, अशी ही तुलना आहे. १ एप्रिल ते ३१ जानेवारी हे ३०६ दिवस होतात. तेवढ्या दिवसांचा प्रीमियम ७२ × ३०६ ÷ ३६५, म्हणजे सुमारे ६०.४ लाख. ६४ भागिले ६०.४ केल्यावर खरा क्लेम रेशो १०६ टक्के येतो. विमा कंपनीचा अंडररायटर याच आकड्यावरून दर काढतो, आणि ग्राहकाच्या डोक्यात मात्र ८९ असतो. या दोन आकड्यांमधले अंतर तुम्ही मेलमध्ये दोन वाक्यांत मिटवले नाही, तर पुढची सगळी चर्चा "ब्रोकरने नीट भाव केला नाही" या दिशेने जाते.

आता पुढच्या वर्षीचा अंदाज काढा. ६४ लाखांचे पूर्ण वर्षाला ७६.३ लाख होतात. जे रुग्ण दाखल होऊन गेले पण ज्यांची कागदपत्रे अजून टीपीएकडे पोहोचलेली नाहीत, त्यांच्यासाठी आपल्या कंपनीच्या मागच्या वर्षांच्या अनुभवावरून ३ लाख धरू. त्यावर उपचारांची महागाई १० टक्के धरली की अंदाज ८७.३ लाखांवर जातो. महागाईचा हा टक्का मी धरलेला आहे. तुम्ही जो धराल तो मेलमध्ये उघड लिहा, कारण वाद झाला तर त्याच आकड्यावर होतो. या ८७ लाखांवर विमा कंपनीचा खर्च, टीपीएचे शुल्क आणि आपली दलाली चढते. एवढे हिशेब हातात असले की समोर आलेला दर अवाजवी आहे की वाजवी, हे ओळखता येते.

## २. तिन्ही कोटेशने एका पायावर आणा

नमुना कंपनीला आलेले तीन दर असे: सध्याची विमा कंपनी ९६ लाख, दुसरी ८४ लाख, तिसरी ९१ लाख. कोणीही म्हणेल की ८४ लाखांचा दर घ्यावा. आता त्या दरामागे काय बदलले आहे ते पाहू. सध्याच्या कंपनीने सर्व अटी आहे तशा ठेवल्या आहेत. दुसऱ्या कंपनीने दोन ठिकाणी हात आखडता घेतला आहे: आईवडिलांच्या क्लेमवरचे को-पे, म्हणजे मान्य रकमेतला कर्मचाऱ्याने स्वतः भरायचा हिस्सा, १० वरून २० टक्के केले आहे, आणि सिंगल एसी रूमऐवजी दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३,००० रुपयांची रूम रेंट मर्यादा घातली आहे.

या दोन्ही बदलांची रुपयांत किंमत काढणे हे या सगळ्या कामातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे, म्हणून ते सावकाश करू.

को-पेचा हिशेब आधी. डंपमध्ये आईवडिलांचे दिलेले आणि प्रलंबित क्लेम ३४ लाखांचे आहेत. सरळ ३४ लाखांचे १० टक्के काढू नका. ही रक्कम आधीचे १० टक्के को-पे वजा झाल्यानंतरची आहे, म्हणून मूळ मान्य रक्कम ३४ ÷ ०.९, म्हणजे ३७.८ लाख. तिच्यावरचे जादा १० टक्के म्हणजे ३.७८ लाख. वर्षाला ते ४.५ लाख होतात आणि महागाईसह साधारण ५ लाख. हे ५ लाख आता कर्मचाऱ्यांच्या खिशातून जातील.

रूम रेंटचा हिशेब जरा फसवा असतो, कारण कपात फक्त खोलीच्या भाड्यातून होत नाही. समजा कर्मचाऱ्याने ४,५०० रुपयांची खोली चार दिवस घेतली आणि एकूण बिल १,५०,००० रुपये झाले. त्यात खोलीचे १८,०००, सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग वगैरेंचे ८४,००० आणि औषधे, इम्प्लांट व तपासण्यांचे ४८,००० आहेत. मर्यादा ३,००० आणि खोली ४,५०० ची, म्हणजे प्रमाण दोन तृतीयांश. खोलीचे १२,००० मिळतील. सर्जन आणि थिएटरचे शुल्कही त्याच प्रमाणात कमी होऊन ५६,००० मिळतील. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या सहसा या कपातीबाहेर असतात, त्यामुळे ४८,००० पूर्ण मिळतील. विमा कंपनी १,१६,००० देईल आणि कर्मचारी ३४,००० भरेल. खोलीच्या भाड्यातला फरक अवघा ६,००० रुपयांचा होता. माझ्या त्या सुपरवायझरच्या वडिलांच्या बाबतीत अगदी हेच झाले होते, आणि "सहा हजारांसाठी चौतीस हजार कसे?" या प्रश्नाला सोप्या शब्दांत उत्तर देणे फोनवर जमत नाही.

डंपमध्ये ११८ क्लेम आहेत. त्यांतल्या ४१ मध्ये खोली ३,००० च्या वरची होती. प्रत्येकाची वरच्यासारखी कपात मांडल्यावर सरासरी १४,००० रुपये आली, म्हणजे १० महिन्यांत ५.७४ लाख, पूर्ण वर्षाला आणि महागाईसह सुमारे ७.५ लाख. डंपमध्ये खोलीचे भाडे नसेल तर टीपीएकडून मागून घ्या. ते देत नसतील तर मोठ्या तीस-चाळीस क्लेमची अंतिम बिले पाहून अंदाज काढा, आणि तो अंदाज आहे असे लिहा.

दोन्ही मिळून साडेबारा लाख होतात, पण आईवडिलांच्या काही क्लेममध्ये रूम रेंटची कपात झाल्यावर उरलेल्या रकमेवर को-पे लागेल, म्हणजे थोडे दोनदा मोजले गेले आहे. म्हणून १२ लाख धरा. आता ८४ अधिक १२ म्हणजे ९६. स्वस्त वाटणाऱ्या कोटेशनची खरी किंमत सध्याच्या कंपनीइतकीच निघाली; फरक इतकाच की १२ लाख मालकाऐवजी आजारी पडलेली कुटुंबे भरणार.

हेच दुसऱ्या बाजूने पडताळून पाहता येते. दुसऱ्या कंपनीला ८७.३ पैकी १२ लाख द्यावे लागणार नाहीत, म्हणजे ७५.३ लाखांच्या अपेक्षित क्लेमसाठी ती ८४ लाख घेते: ९० टक्के. सध्याची कंपनी ८७.३ लाखांसाठी ९६ लाख घेते: ९१ टक्के. दोघींचे गणित एकच आहे. अटी न कापता दर खरोखर खाली आणला तो फक्त तिसऱ्या कंपनीने, जी ९१ लाखांत जवळपास तेवढीच जोखीम घेते, म्हणजे ९६ टक्क्यांवर.

## ३. कोटेशनच्या तळच्या ओळी वाचा

तिसऱ्या कंपनीचे कोटेशन चांगले दिसते, म्हणूनच ते अधिक संशयाने वाचायला हवे. या नमुन्यात तळाशी दोन अटी आहेत.

पहिली अशी की २८ फेब्रुवारीपर्यंतचे क्लेम ७२ लाखांच्या वर गेले तर दर पुन्हा काढला जाईल. ही अट अगदी सर्वसामान्य आहे आणि ती नजरेतून सुटली तर ग्राहकाने होकार दिल्यावर, २९ मार्चला, दर वाढल्याचा मेल येतो. तेव्हा दुसरा पर्याय उरलेला नसतो. म्हणून शिफारस पाठवण्याआधी ताजे एमआयएस मागवा. आपल्या नमुन्यात ते ६९.२ लाख आले, म्हणजे अट मोडत नाही; ते एमआयएस विमा कंपनीला पाठवून "दर कायम आहे" असे लेखी घ्या आणि मगच मेल लिहायला बसा.

दुसरी अट म्हणजे रोबोटिक शस्त्रक्रियेसारख्या आधुनिक उपचारांना विमा रकमेच्या निम्मी मर्यादा, जी चालू पॉलिसीत नाही. डंपमध्ये असे दोनच क्लेम आहेत आणि त्यातला एकच दीड लाखाच्या वर, ४०,००० रुपयांनी, गेला आहे. रक्कम लहान असल्याने ही अट काढून टाकण्यासाठी विमा कंपनीशी बोलणे सोपे असते. प्रत्येक गोष्टीसाठी भांडण्यापेक्षा एक-दोन जागा निवडून तिथे जोर लावावा, असा माझा अनुभव आहे. इथे ती मर्यादा हटवून घेतली.

बाकी मातृत्व लाभाची रक्कम, नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण, आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ नसणे आणि वर्षाच्या मध्यात येणाऱ्या कर्मचाऱ्याचा प्रीमियम दिवसांच्या प्रमाणात घेणे, या बाबी चालू पॉलिसीशी ओळीला ओळ लावून तपासा. कोटेशनमध्ये "as per expiring", म्हणजे संपणाऱ्या पॉलिसीप्रमाणे, असे लिहिले असेल तर त्यावर विसंबू नका, प्रत्येक लाभाची रक्कम लिहून मागा.

## ४. टीपीए आणि रुग्णालयांची यादी

विमा कंपनी बदलली की टीपीए बदलू शकतो आणि कॅशलेस रुग्णालयांची यादीही बदलते. एकूण रुग्णालये किती हा आकडा प्रत्येक कोटेशनमध्ये ठळक छापलेला असतो आणि तो निरुपयोगी असतो. डंपमधून क्लेमच्या संख्येनुसार पहिली दहा रुग्णालये काढा आणि ती नव्या यादीत आहेत का ते पाहा. चाकणच्या कंपनीला चाकण, भोसरी आणि पिंपरी-चिंचवडमधली रुग्णालये लागतात, आणि कर्मचाऱ्यांचे आईवडील सोलापूर, लातूर किंवा जळगावकडे राहत असतील तर तिथलीही. आपल्या नमुन्यात दहापैकी दोन रुग्णालये तिसऱ्या कंपनीच्या यादीत नाहीत. ही गोष्ट लपवू नका. मेलमध्ये त्यांची नावे लिहा आणि तिथे कॅशलेस मिळणार नाही, बिल आधी भरून नंतर परतावा घ्यावा लागेल, हेही लिहा.

## ५. मेलची मांडणी

क्रम असा ठेवा: शिफारस आधी, कारण नंतर, तडजोडी त्यानंतर आणि तक्ता शेवटी. बहुतेक कंपन्यांत हा मेल इंग्रजीतून जातो, पण क्रम तोच राहतो. नमुना असा:

विषय: ग्रुप मेडिक्लेम रिन्यूअल, १ एप्रिल: आमची शिफारस (निर्णय २० मार्चपर्यंत अपेक्षित)

आदरणीय मॅडम,

आपल्या ग्रुप मेडिक्लेम पॉलिसीच्या रिन्यूअलसाठी आम्ही तिसऱ्या विमा कंपनीचे ९१ लाख रुपयांचे (जीएसटीसह १ कोटी ७ लाख ३८ हजार) कोटेशन स्वीकारण्याची शिफारस करत आहोत. सध्याच्या सर्व सुविधा त्यात कायम राहतात आणि सध्याच्या विमा कंपनीच्या दराच्या तुलनेत जीएसटीसह ५ लाख ९० हजार रुपये वाचतात.

दर ७२ लाखांवरून का वाढला, याचे कारण क्लेममध्ये आहे. ३१ जानेवारीपर्यंतच्या ३०६ दिवसांत ६४ लाखांचे क्लेम झाले आणि तेवढ्या दिवसांचा प्रीमियम ६०.४ लाख होता, म्हणजे क्लेम रेशो १०६ टक्के आहे. एमआयएसवर दिसणारा ८९ टक्के हा आकडा पूर्ण वर्षाच्या प्रीमियमवर काढलेला आहे. उपचारांची महागाई १० टक्के धरून पुढील वर्षीचे क्लेम सुमारे ८७ लाख होतील, असा आमचा अंदाज आहे.

दुसऱ्या विमा कंपनीचा प्रीमियम सर्वांत कमी, म्हणजे ८४ लाख असला तरी आम्ही त्याची शिफारस करत नाही. त्यात आईवडिलांसाठी को-पे दुप्पट होते आणि दिवसाला ३,००० रुपयांची रूम रेंट मर्यादा लागू होते. यावर्षीचे क्लेम या अटींनी मोजल्यास वर्षाला सुमारे १२ लाखांचा भार कर्मचाऱ्यांवर पडतो.

शिफारस केलेल्या कोटेशनमध्ये तीन गोष्टी आपण जाणून स्वीकाराव्यात. टीपीए बदलेल आणि सर्वांना नवी ई-कार्डे द्यावी लागतील. आपले कर्मचारी ज्या दहा रुग्णालयांत सर्वाधिक जातात त्यांतल्या दोन ठिकाणी (नावे तक्त्याखाली) कॅशलेस मिळणार नाही. आणि हा दर अपेक्षित क्लेमच्या तुलनेत कमी असल्याने, क्लेम याच गतीने राहिले तर पुढील वर्षी दरवाढ संभवते.

तिन्ही कंपन्यांना एकाच तारखेचे क्लेम आणि एकच सदस्ययादी दिली होती. तिन्ही कोटेशनांत आमच्या दलालीचा दर समान आहे.

| बाब | सध्याची कंपनी | दुसरी | तिसरी |
|---|---|---|---|
| प्रीमियम, जीएसटी वगळून | ९६ लाख | ८४ लाख | ९१ लाख |
| जीएसटीसह | ११३.२८ लाख | ९९.१२ लाख | १०७.३८ लाख |
| आईवडिलांचे को-पे | १०% | २०% | १०% |
| खोली | सिंगल एसी, रकमेची मर्यादा नाही | दिवसाला ३,००० | सिंगल एसी, रकमेची मर्यादा नाही |
| आधुनिक उपचार | पूर्ण विमा रक्कम | पूर्ण विमा रक्कम | पूर्ण विमा रक्कम (वाटाघाटीनंतर) |
| कर्मचाऱ्यांवरचा जादा भार | नाही | सुमारे १२ लाख | नाही |

तक्त्याखाली त्या दोन रुग्णालयांची नावे लिहिली की मेल संपतो. अठ्ठावीस रकान्यांची फाइल जोडायला हरकत नाही, पण जी गोष्ट नंतर वादात येऊ शकते ती मेलच्या मजकुरातच हवी.

पुढच्या वर्षीच्या दरवाढीची ओळ लिहायला पुष्कळ जण कचरतात, कारण शिफारस दुबळी दिसेल अशी त्यांना भीती वाटते. पण ९६ टक्क्यांवर दर देणारी कंपनी बहुधा ग्राहक मिळवण्यासाठी पहिल्या वर्षी तोटा सोसत असते, आणि तो ती कायम सोसणार नाही. ही ओळ आज लिहिली नाही तर पुढच्या मार्चमध्ये ती तुम्हालाच ऐकवली जाईल. माझ्या मते दुसरी कंपनी आणि सध्याची कंपनी यांच्यातला फरक अगदीच नगण्य ठरल्यावर एका वर्षाची ही बचत घ्यावी. मात्र सध्याच्या कंपनीने ९६ वरून ९२ पर्यंत येण्याची तयारी दाखवली असती, तर मी टीपीए बदलण्याचा त्रास टाळून तिथेच राहण्याची शिफारस केली असती. तिला तशी एक संधी जरूर द्या, पण इतर कंपन्यांची कोटेशने तिच्या हातात देऊ नका.

## ६. पाठवण्याआधी तपासायच्या गोष्टी

जीएसटीबद्दल दरवर्षी नवा प्रश्न येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी माफ झाला, त्यामुळे "आता आपल्यालाही कर नाही ना?" असे विचारले जाते. ग्रुप पॉलिसीला ती माफी नाही, तिथे १८ टक्के लागतात. शिवाय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यावर भरलेल्या कराचे इनपुट क्रेडिट, कायद्याने तो विमा सक्तीचा असल्याशिवाय, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार मिळत नाही. म्हणून फायनान्सच्या दृष्टीने खरा खर्च करासहित आकडा हाच असतो आणि तो मेलच्या पहिल्या परिच्छेदात असायला हवा.

क्लेम डंप जोडू नका. त्यात नाव आणि आजार शेजारीशेजारी असतात. कोणाचा गर्भपात झाला किंवा कोण मानसोपचार घेत आहे, हे एचआर विभागाला कळण्याचे कारण नाही. बेरजा आणि संख्या पुरेशा आहेत.

"दलालीतून काही परत द्या" असे कोणी म्हटले तर नम्रपणे नकार द्या. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ नुसार प्रीमियममध्ये किंवा दलालीत अशी सूट देण्याला मनाई आहे. मेलमध्ये याबद्दल काही लिहिण्याची गरज नाही, फोनवरचे उत्तर मात्र तयार ठेवा.

## ७. होकार आल्यानंतर

होकार मेलवरच घ्या, आणि त्यात कोटेशनची तारीख व रक्कम असू द्या. "ओके, गो अहेड" एवढाच मेल आला तर उत्तरात स्वतः तपशील लिहून पुन्हा पुष्टी मागा.

याच विमा कायद्याच्या कलम ६४व्हीबीनुसार प्रीमियम आगाऊ मिळाल्याशिवाय विमा कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही. पैसे ३१ मार्चपर्यंत तिच्या खात्यात पोहोचले पाहिजेत. आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस असल्याने बँकेत आणि ग्राहकाच्या अकाउंट्स विभागातही गर्दी असते, तेव्हा २५ मार्चची तारीख सांगा. पॉलिसीच्या रकमेसोबतच सीडी खात्यात, म्हणजे विमा कंपनीकडच्या ग्राहकाच्या आगाऊ ठेवीच्या खात्यात, थोडी शिल्लक भरून घ्या, नाहीतर एप्रिलमध्ये रुजू झालेल्या कर्मचाऱ्याचे नाव घालण्यासाठी पुन्हा पैशांची वाट पाहावी लागते.

३१ मार्चच्या रात्री जे रुग्ण दाखल असतील त्यांच्याबद्दल दोन्ही विमा कंपन्यांकडून आधीच लेखी घ्या. सर्वसाधारणपणे दाखल झाल्याच्या दिवशी जी पॉलिसी चालू होती तीच तो क्लेम देते, पण १ एप्रिलच्या सकाळी रुग्णालयाच्या काउंटरवर जुने कार्ड चालत नाही आणि नवे आलेले नसते, अशा वेळी हा मेल फोनमध्ये उघडून दाखवावा लागतो. दाखल रुग्णांची यादी टीपीएकडून ३० मार्चला मागवा.

पॉलिसी हाती आली की पहिल्याच दिवशी ती तुमच्या शिफारशीच्या तक्त्याशी ताडून पाहा. आधुनिक उपचारांवरची निम्मी मर्यादा, जी तुम्ही बोलून हटवली होती, ती छापील पॉलिसीत पुन्हा आलेली असू शकते. तशी ती दिसली तर पहिला क्लेम येण्याआधीच दुरुस्तीचे एन्डॉर्समेंट मागून घ्या.